उरलेली दहा वर्षं आणि पुढची अठ्ठावीस

पन्नाशीला आलेला, हाताशी फारशी शिल्लक नसलेला माणूस म्हातारपणाच्या तजविजीला लागतो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न बहुधा ‘पैसे कुठे गुंतवू?’ हाच असतो. एफडी की म्युच्युअल फंड, सोनं की गावाकडचा प्लॉट. प्रश्न स्वाभाविक आहे, कारण जाहिराती, एजंट आणि ऑफिसातले मित्र सगळे याच प्रश्नाची उत्तरं देत असतात. पण या वयात तो दुसऱ्या क्रमांकाचा प्रश्न आहे. तिशीत सुरुवात करणाऱ्याला परतावा तारून नेतो. पन्नाशीत सुरुवात करणाऱ्याचं भवितव्य ठरवतात ती दरमहा बाजूला पडणारी रक्कम, कमावते राहण्याची वर्षं आणि पुढच्या दहा वर्षांत घरात येणारे दोन-तीन मोठे खर्च कोणाच्या पैशांतून होतात ते. या लेखाचं म्हणणं एवढंच आहे, आणि ते आकड्यांवर तपासून पाहण्यासारखं आहे.

साधा हिशोब करू. दरमहा १०,००० रुपये २५ वर्षं साठवले, तर ८ टक्क्यांनी सुमारे ९५ लाख होतात आणि १२ टक्क्यांनी १ कोटी ८८ लाख. परताव्यातल्या चार टक्क्यांनी रक्कम जवळपास दुप्पट झाली. तेच १०,००० रुपये फक्त १० वर्षं साठवले, तर ८ टक्क्यांनी १८ लाख ३० हजारांच्या आसपास आणि १२ टक्क्यांनी २३ लाख. म्हणजे जास्तीची जोखीम पत्करून, ती यशस्वी ठरली असं धरूनही पदरात पडतात पावणेपाच लाख. उलट दहाऐवजी १५ हजार बाजूला टाकले, तर ८ टक्क्यांनीच २७ लाखांच्या पुढे जाता येतं, आणि त्यात बाजाराच्या मर्जीचा प्रश्न येत नाही. चक्रवाढीला वेळ लागतो. तो वेळ निघून गेल्यावर चक्रवाढीकडून तीच अपेक्षा धरली, की माणूस बरोबर अशा ठिकाणी जाऊन पोहोचतो जिथे १४ टक्के व्याजाची पाटी लावलेली असते. महाराष्ट्रात ही पाटी बहुधा एखाद्या पतसंस्थेच्या दारावर असते. बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही, आणि हे बऱ्याच ठेवीदारांना पतसंस्था बुडाल्यावरच कळतं.

आता एक उदाहरण तपशिलात घेऊ. ते कल्पित आहे, पण त्यातला प्रत्येक आकडा रोजच्या व्यवहारातला आहे. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतला एक सुपरवायझर, वय ५०. एकूण पगार ७२,०००, त्यात बेसिक आणि महागाई भत्ता मिळून ३६,०००. पीएफ आणि व्यवसाय कर वजा जाता हातात ६७ हजारांच्या आसपास येतात. नव्या करप्रणालीत या पगारावर आयकर लागत नाही. घराच्या कर्जाचे ९ लाख फेडायचे राहिलेत, हप्ता १४,२५० आणि मुदत अजून ७ वर्षं. एका जुन्या विमा पॉलिसीत वर्षाला ३६,००० जातात. ती पंचावन्नाव्या वर्षी ५ लाख २० हजार देऊन संपेल. मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला चाललाय, फी वर्षाला १ लाख २० हजार. मुलगी दहावीत. पीएफमध्ये ७ लाख आहेत. ते इतके कमी असण्याचं कारणही नेहमीचंच: आधीच्या दोन नोकऱ्या सोडताना पीएफ काढून घेतला होता. बँकेत २ लाखांची एफडी आहे, ती अडीअडचणीसाठी तशीच ठेवायची, तिला हिशोबात धरायचं नाही.

या घराला निवृत्तीनंतर किती लागेल? हप्ता, फी, क्लास, कंपनीत जाण्यायेण्याचं पेट्रोल हे खर्च जातील आणि औषधपाणी वाढेल. नवरा-बायकोला आजच्या किमतीत महिना २८,००० धरू. महागाई ६ टक्के धरली, तर दहा वर्षांनी याच जगण्याला ५०,००० लागतील. आणि लागतील किती वर्षं? भारतात साठी गाठलेला माणूस सरासरी आणखी सुमारे १८ वर्षं जगतो. पण सरासरीवर नियोजन करणं धोक्याचं आहे, कारण साठी गाठलेल्यांतले निम्म्याच्या आसपास लोक त्या आकड्याच्या पलीकडे जगतात. म्हणून ८८ वर्षांपर्यंत, म्हणजे साठीनंतर २८ वर्षं धरायची.

पीएफच्या पेन्शनबद्दल इथे थोडं थांबायला हवं, कारण तिच्याविषयी गैरसमज फार आहेत. ईपीएफओचं पासबुक उघडलं की तीन रकाने दिसतात: कर्मचाऱ्याचा वाटा, मालकाचा वाटा आणि पेन्शन. आपल्या उदाहरणात दरमहा ४,३२० पहिल्या रकान्यात जातात. मालकही तेवढेच भरतो, पण त्यातले १,२५० तिसऱ्या रकान्यात वळतात आणि दुसऱ्यात ३,०७० उरतात. पुष्कळ लोक तिन्ही रकान्यांची बेरीज करून ‘माझ्या पीएफमध्ये इतके आहेत’ असं समजतात. तिसरा रकाना ही आपली शिल्लक नव्हे. त्यावर आपल्या नावाने व्याज चढत नाही. त्यातून पेन्शन मिळते, आणि ती रकमेवरून नाही तर सेवेच्या वर्षांवरून ठरते. पेन्शनपात्र पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागायचं, आणि हा पगार १५,००० पेक्षा जास्त धरला जात नाही. सप्टेंबर २०१४ पूर्वीच्या सेवेसाठी तर ६,५०० चीच मर्यादा लागते. आपल्या सुपरवायझरची पेन्शनसाठी मोजली जाणारी सेवा ५८ व्या वर्षी २६ वर्षांची होईल असं धरलं, तर पेन्शन पाच हजारांच्या आसपास येते. ती महागाईबरोबर वाढत नाही. ५८ ऐवजी ६० व्या वर्षी सुरू केली, तर दर वर्षामागे ४ टक्के जास्त, म्हणजे ५,४०० च्या आसपास मिळते. पन्नाशीतलं पहिलं काम त्यामुळे गुंतवणुकीचं नाहीच, ते पासबुकाचं आहे. जुन्या कंपन्यांची खाती आताच्या खात्यात वर्ग झालीत का, सेवेचा काळ सलग दिसतो का, जन्मतारीख आणि नाव आधारशी जुळतं का, हे बघायचं. पेन्शनसाठी किमान १० वर्षांची सेवा लागते. एखाद्या बंद पडलेल्या कंपनीतली चार वर्षं वर्ग न झाल्याने नऊ वर्षांवर अडकलेल्या माणसाला पेन्शन मिळत नाही, एकरकमी थोडे पैसे मिळतात. हा दोष पन्नाशीत दुरुस्त करता येतो. निवृत्तीनंतर त्यासाठी जुना मालक शोधत फिरावं लागतं.

तर, साठीला महिना ५०,००० हवेत आणि पेन्शन ५,४०० आहे. उरलेली रक्कम २८ वर्षं महागाईप्रमाणे वाढत मिळत राहावी आणि साठलेल्या पैशावर ७ टक्के मिळावेत असं धरलं, तर साठीच्या दिवशी १ कोटी ३० लाखांच्या थोडं वर हातात असायला हवेत. आता काहीच न बदलता काय जमेल ते पाहू. पगार वर्षाला ६ टक्के वाढतो आणि पीएफला ८ टक्के मिळतात असं धरू (२०२४-२५ साठी दर ८.२५ टक्के होता). आजचे ७ लाख १५ लाख होतील, पुढच्या भरण्याचे १७ लाख होतील, या कंपनीतल्या बावीस वर्षांच्या नोकरीची ग्रॅच्युइटी ८ लाखांच्या आसपास आणि पॉलिसीचे पैसे हात न लावता ठेवले तर सव्वासात लाख. सगळे मिळून सुमारे ४७ लाख. या ४७ लाखांतून आणि पेन्शनमधून २८ वर्षं महिन्याला किती खर्च करता येईल? आजच्या किमतीत १२,००० रुपये. गरज २८ हजारांची, सोय १२ हजारांची. साठीच्या दिवशी खात्यावर ४७ लाख दिसतात तेव्हा ही तूट दिसत नाही. ती सत्तरीत दिसू लागते, आणि तेव्हा तिच्यावर उपाय उरलेला नसतो.

इथून भरून काढायला सुरुवात करू. दरमहा १०,००० ची जास्तीची बचत आणि पगारवाढीच्या प्रमाणात तिच्यात दरवर्षी ६ टक्के वाढ, याचे साठीला ८ टक्क्यांनी २३ लाख होतात. पंचावन्नाव्या वर्षी पॉलिसीचा हप्ता सुटतो, सत्तावन्नाव्या वर्षी घराचा. हे सुटलेले पैसे घरखर्चात विरघळू न देता तसेच वळवले, तर आणखी आठेक लाख. एकूण ७८ लाख. आता महिन्याला आजचे १७,७०० खर्चता येतात. आणि साठीनंतर पासष्टीपर्यंत फक्त घरखर्च भागेल एवढं काम केलं, नवी बचत शून्य, पण जमलेल्याला हात नाही, तर हा आकडा २०,५०० वर जातो. काहीच न करण्याच्या तुलनेत हे पावणेदोन पट आहे. तरीही २८,००० नाहीत. उशिरा सुरुवात करणाऱ्याला ‘सगळं भरून निघेल’ असं जो सांगतो, त्याने हा हिशोब केलेला नसतो किंवा त्याला काहीतरी विकायचं असतं. उरलेल्या फटीसाठी घर आहे. त्याकडे शेवटी येऊ.

हे १०,००० ठेवायचे कुठे, याचं उत्तर नोकरदारासाठी कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच चांगलं आहे: व्हीपीएफ. कंपनीच्या अकाउंट्स विभागाला अर्ज द्यायचा, बहुतेक ठिकाणी वर्षाच्या सुरुवातीला, की माझ्या बेसिकमधून १२ टक्क्यांव्यतिरिक्त इतके कापा. व्याज पीएफइतकंच. स्वतःचा भरणा वर्षाला अडीच लाखांच्या आत असेल तोवर व्याजावर करही नाही. आपल्या उदाहरणात तो १ लाख ७२ हजारांच्या आसपास होतो. पुढे मर्यादा ओलांडली, तर वरचे पैसे पीपीएफमध्ये. या मार्गाचा मोठा गुण असा, की पैसे हातात येण्याआधीच कापले जातात. दुकानदार, रिक्षाचालक, शिवणकाम करणारी बाई यांना ही सोय नाही. अटल पेन्शन योजनेचं दार चाळिशीला बंद होतं, म्हणून पन्नाशीतल्या स्वयंरोजगारी माणसाला पीपीएफ आणि एनपीएस एवढेच मोठे मार्ग उरतात, आणि शिस्त स्वतःलाच लावावी लागते.

शेअर बाजार मग पूर्णच सोडायचा का? नाही. इथे ‘दहा वर्षं’ हा आकडा थोडा फसवा आहे. साठीला लागणाऱ्या पैशाला दहाच वर्षं आहेत, पण पंच्याहत्तरीनंतर लागणाऱ्या पैशाला पंचवीस आहेत. त्या भागासाठी, म्हणजे १०,००० पैकी तीनेक हजारांसाठी, साधा इंडेक्स फंड योग्य आहे, कारण वीस-पंचवीस वर्षांच्या महागाईला नुसतं व्याज पुरत नाही. अट एकच: तो पैसा साठीच्या आसपास लागणार नाही याची खात्री हवी. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१,००० च्या घरात होता आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात ८,५०० च्या आसपास आला. पुन्हा २१,००० दिसायला नोव्हेंबर २०१० उजाडावं लागलं. चाळिशीतल्या माणसासाठी ती अडीच-पावणेतीन वर्षांची प्रतीक्षा होती. त्याच वर्षी निवृत्त होऊन दरमहा त्यातूनच पैसे काढणाऱ्यासाठी ते भरून न येणारं नुकसान होतं. या कुटुंबाच्या हिशोबात मी म्हणूनच ८ टक्क्यांच्या वर गेलेलो नाही. बाजाराने जास्त दिलं, तर फट कमी होईल. पण योजना त्यावर उभी असू नये.

जुन्या पॉलिसीबाबत एक सल्ला हल्ली सरसकट दिला जातो: परतावा कमी आहे, सरेंडर करा. नुकत्याच घेतलेल्या पॉलिसीसाठी तो बऱ्याचदा बरोबर असतो, शेवटच्या वर्षांत आलेल्या पॉलिसीसाठी नेहमीच नाही. विमा कार्यालयातून दोन आकडे लेखी घ्यायचे: आज सरेंडर केली तर किती आणि मुदतीअखेर अंदाजे किती. आपल्या उदाहरणात आज २ लाख २० हजार मिळत असतील, तर ते सोडून आणखी पाच हप्ते भरून ५ लाख २० हजार घेण्याचा अर्थ, इथून पुढच्या पैशावर साडेसहा टक्के मिळणं असा होतो. जुना निर्णय चुकीचा असेलही, पण आज मोडण्यात फारसा लाभ नाही. याउलट क्रेडिट कार्डाची थकबाकी किंवा पर्सनल लोन असेल, तर बचतीचा पहिला रुपयाही त्याआधी कुठे जाऊ नये. तिथलं व्याज कुठल्याही सुरक्षित गुंतवणुकीतून भरून येत नाही.

पण हे १०,००० येणार कुठून? ६७ हजारांतून हप्ता, पॉलिसी आणि फी गेल्यावर घराला ४० हजारांच्या आत-बाहेर उरतात. त्यातून दहा हजार काढणं म्हणजे घर उपाशी ठेवणं. खर्चातली छोटी छोटी कपात सुचवणारे लेख पुष्कळ असतात. त्यातून हजार-दीड हजार निघतात. मोठी जागा एकच आहे: मुलाची फी, महिन्याला १०,०००. माझं म्हणणं असं, की उरलेल्या तीन वर्षांची फी शैक्षणिक कर्जातून जावी आणि ते कर्ज मुलाने फेडावं.

हे वाक्य मराठी मध्यमवर्गीय घरात सहज पचणारं नाही, आणि त्यावरचे आक्षेप खरे आहेत. पहिला आक्षेप गणिताचा. शैक्षणिक कर्जाला १० टक्के धरले आणि व्हीपीएफला सव्वाआठ, तर महाग उसनं घेऊन स्वस्तात ठेवल्यासारखं होतं. तोटा आहेच. ३ लाख ६० हजारांचं कर्ज शिक्षण आणि त्यानंतरचं सवलतीचं एक वर्ष संपेपर्यंत साडेचार लाखांच्या पुढे जाईल, आणि सात वर्षांत फेडायचं तर हप्ता पावणेआठ हजारांच्या आसपास येईल. पण या तोट्यातून एक गोष्ट विकत घेतली जाते. बापाच्या कमाईच्या उरलेल्या दहा वर्षांतली तीन वर्षं मोकळी होतात, आणि त्या काळात सुरू झालेली कपात पुढेही सुरू राहते. मुलाकडे त्या हप्त्यासाठी पस्तीस वर्षांची कमाई आहे, बापाकडे दहा वर्षांची. शिक्षणाला बँक कर्ज देते, तेही ४ लाखांपर्यंत सहसा तारण न मागता. पंच्याहत्तराव्या वर्षीच्या किराण्याला आणि औषधाला असं कर्ज देणारी बँक नाही.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे: मुलाला कर्जात ढकलून स्वतःची सोय बघणं हे आईबापाला शोभतं का? याचं उत्तर असं, की मुलगा तो भार दोन्ही परिस्थितींत उचलणारच आहे, प्रश्न कधी आणि किती हा आहे. बाविसाव्या वर्षी त्याला माहीत असतं, की पावणेआठ हजार, सात वर्षं, मग संपलं. हे कर्ज टाळलं, तर तोच मुलगा चाळिशीत स्वतःच्या घराचा हप्ता आणि स्वतःच्या मुलांची फी भरत असताना आईवडिलांचा संपूर्ण खर्च उचलेल, रक्कम आणि मुदत दोन्ही अनिश्चित. तो उचलणार नाही असं मी म्हणत नाही. कायदाही पालकांच्या बाजूने आहे. २००७ च्या कायद्यानुसार प्रांताच्या पातळीवरच्या न्यायाधिकरणाकडे दाद मागून मुलांकडून निर्वाहखर्च मिळवता येतो. पण ज्यांना मुलाच्या फीचं ओझं त्याच्यावर टाकणं जड जातं, ते म्हातारपणी त्याच्याविरुद्ध अर्ज करायला जातील असं मला वाटत नाही. ते निमूट औषधं कमी करतील. कर्जाच्या या मार्गाची एक खरी मर्यादा मात्र सांगायला हवी. शैक्षणिक कर्जात पालक सहकर्जदार असतात. मुलाला नोकरी लागली नाही, तर बँक वडिलांकडेच येईल. म्हणून हा उपाय नोकरीची रास्त शक्यता असलेल्या अभ्यासक्रमाला आणि बेताच्या रकमेला लागू आहे. व्यवस्थापन कोट्यातल्या २० लाखांच्या प्रवेशाला नाही.

मुलीच्या लग्नाचा हिशोबही याच पद्धतीने उघडा मांडावा. सत्तावन्नाव्या वर्षी लग्नासाठी १० लाख काढले, तर वरच्या योजनेत पासष्टीनंतर दर महिन्याला आजचे सुमारे २,९०० रुपये कमी होतात. २०,५०० चे १७,६०० होतात, दोघांच्याही मरेपर्यंत. तीन लाखांत लग्न केलं तर हे नुकसान नऊशेच्या आसपास राहतं. मंगल कार्यालय ठरवण्याआधी हा आकडा घरातल्या सगळ्यांना, मुलीलाही, माहीत असायला हवा. निर्णय त्यांचा, पण ‘होईल कसंतरी’ म्हणून पीएफचा अर्ज भरण्याऐवजी तो माहीत असून घेतलेला निर्णय असेल. पीएफमधून लग्नासाठी पैसे काढता येतात ही सोय आहे, आणि निवृत्तीची शिल्लक फुटण्याचं ते एक मोठं भगदाडही आहे.

ज्यांच्या घरी फीसारखी मोठी जागा नाही, त्यांच्यासाठी एक मार्ग संशोधनातून तपासलेला आहे. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी या दोन अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या एका कंपनीत कामगारांना सुचवलं, की आजच्या पगाराला हात लावू नका, पण पुढच्या प्रत्येक पगारवाढीतला ठरावीक भाग बचतीत जाईल असं आजच लिहून द्या. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, सहभागी झालेल्यांची बचत ४० महिन्यांत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. कारण सोपं आहे: हातात येणारी रक्कम कधी कमी झालीच नाही, फक्त हळू वाढली. पन्नाशीतल्या माणसाला हे जसंच्या तसं लागू करता येतं. प्रत्येक पगारवाढीनंतर अकाउंट्सकडे व्हीपीएफ वाढवण्याचा अर्ज द्यायचा, वाढीतल्या निम्म्या रकमेचा.

साठीनंतर काम कोण देणार, हा पुढचा आक्षेप, आणि तो सर्वांत वजनदार आहे. कारखान्यात उभं राहून काम करणाऱ्याचे गुडघे पंचावन्नलाच बोलू लागतात. म्हणूनच ही पाच वर्षं योजनेच्या पायात न घेता वर ठेवलीत: बचत आधी, काम नंतर. काम झालं नाही तर २०,५०० ऐवजी १७,७०० राहतील. योजना लंगडेल, कोसळणार नाही. पण काम हवं असेल, तर त्याची तयारी पन्नाशीतच सुरू होते. सुपरवायझरने गुणवत्ता तपासणी, सुरक्षा निरीक्षण किंवा आयटीआयमध्ये शिकवण्यासारख्या कामाकडे वळायला लागणारी प्रमाणपत्रं नोकरीत असतानाच मिळवलेली बरी. बायको कमावत नसेल, तर तिने महिना सहा-सात हजारांचं काम सुरू करण्याचा अर्थ त्याच्या पेन्शनहून मोठा आहे, आणि तिच्याकडे बहुधा त्याच्याहून जास्त वर्षं आहेत.

आरोग्यविमा इथे टाळून चालणार नाही, कारण वरचा सगळा हिशोब एका बायपासने उधळू शकतो. कंपनीचा गट विमा सहसा निवृत्तीबरोबर संपतो. साठीला नवी पॉलिसी घ्यायला गेलं, की रक्तदाब आणि मधुमेह आधीपासूनचे आजार ठरतात आणि त्यांच्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं. पन्नाशीत, कंपनीचा विमा चालू असतानाच स्वतःची छोटी पॉलिसी घेतली, तर ती थांबण्याची मुदत नोकरीतच संपून जाते. हप्ता पुढे वाढत जातो, म्हणून मूळ पॉलिसी लहान आणि तिच्यावर टॉप-अप ही जोडणी पुष्कळांना झेपते. राज्यातल्या सर्व कुटुंबांना लागू झालेली महात्मा फुले जनआरोग्य योजना ५ लाखांपर्यंतचे ठरावीक उपचार योजनेतल्या रुग्णालयांत देते, आणि ७० वर्षांनंतर आयुष्मान योजनेचं कार्ड उत्पन्नाची अट न लावता मिळतं. हे आधार आहेत; जवळचं रुग्णालय यादीत आहे का हे मात्र आजारी पडण्याआधी बघून ठेवावं.

साठीला हातात आलेल्या पैशाचं काय करायचं हे तुलनेने सोपं आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, ८.२ टक्के दराने ३० लाखांवर दर तिमाहीला ६१,५०० मिळतात. धोका असा, की महिन्याला २०,५०० येतायत म्हणून सगळेच खर्च होतात आणि मूळ रक्कम तीस लाखांवरच थांबते, तर किमती बारा वर्षांत दुप्पट होतात. सुरुवातीच्या वर्षांत व्याजातला भाग परत बाजूला टाकणं हा या टप्प्याचा मुख्य नियम आहे.

आता घर. आपल्या कुटुंबाचा नाशिकचा फ्लॅट सत्तावन्नाव्या वर्षी कर्जमुक्त होतो, आणि २०,५०० ते २८,००० मधली फट भरणारी तीच एक मोठी मालमत्ता आहे. मोठा फ्लॅट विकून लहान घ्यावा, किंवा एक खोली भाड्याने द्यावी, हे मार्ग आहेतच. तिसरा मार्ग २००७ पासून उपलब्ध असून फारसा कुणी वापरत नाही: रिव्हर्स मॉर्गेज. साठीनंतर बँक घर तारण ठेवून मालकाला ठरावीक काळ, बहुधा जास्तीत जास्त २० वर्षांपर्यंत, नियमित रक्कम देते. नवरा-बायको हयातभर त्याच घरात राहतात. त्यांच्यानंतर वारसांनी कर्ज फेडून घर घ्यावं, नाहीतर बँक ते विकून उरलेले पैसे वारसांना देते. रक्कम बाजारभावाच्या मानाने कमी असते आणि व्याज चढत जातं, म्हणून साठीला लगेच घेण्यात अर्थ नाही. पंच्याहत्तरीच्या आसपास, साठवलेलं संपत येताना, ते उपयोगाचं आहे. लोक ते घेत नाहीत याचं कारण व्याजदरापेक्षा मुलांसाठी घर मागे ठेवायची इच्छा हे जास्त आहे. मुलाने शिक्षणाचं कर्ज स्वतः फेडलेलं असेल आणि आईवडिलांचा महिन्याचा खर्च त्याच्यावर आलेला नसेल, तर घराचा काही भाग त्यांच्याच म्हातारपणी वापरला गेल्याने त्याचं काही बुडत नाही.

आणि हा सगळा हिशोब नवऱ्याच्या वयावर थांबवून चालत नाही. बायको चार वर्षांनी लहान असेल, तर त्याच्या ८८ व्या वर्षी ती ८४ ची असते, आणि बायका सरासरीने जास्त जगतात. त्याच्यानंतर पीएफची पेन्शन निम्मी होते, म्हणजे ५,४०० ची २,७००. म्हणून फ्लॅटच्या करारावर आणि सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर तिचं नाव हवं, पीएफचं ई-नॉमिनेशन भरलेलं हवं, बँकेची खाती दोघांच्या नावावर हवीत. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, म्हणून त्यासोबत साधं मृत्युपत्रही हवं. आणि साठीनंतर तिच्या स्वतःच्या नावे ज्येष्ठ नागरिक योजनेचं खातं हवं, ज्यातले पैसे काढायला तिला कुणाची सही लागणार नाही.